बाळाच्या टाचेचं रक्त परत मागितलंय, टीएसएच २६ आलाय. थांबायचं की लगेच जायचं?

दर्यासारंग (चिपळूण)
नमस्कार मंडळी. गेल्या शुक्रवारी सकाळी आम्हाला मुलगी झाली. नॉर्मल डिलिव्हरी, वजन २ किलो ९०० ग्रॅम, रडली वगैरे व्यवस्थित. शनिवारी सकाळीच डिस्चार्ज दिला. निघायच्या आधी सिस्टरनी टाचेला टोचून जाड कागदाच्या कार्डावर रक्ताचे ठिपके घेतले. तेव्हा बाळ २१-२२ तासांचं असेल. आज गुरुवार. दुपारी दवाखान्यातून फोन आला की थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच २६, म्हणजे जास्त आलाय, शिरेतून रक्त काढून परत तपासावं लागेल.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते पोर इतकी गुणाची आहे, रडत नाही, रात्रभर झोपते, दूध पाजायला उठवावं लागतं, तिला परत कशाला टोचता? बायकोला थायरॉईड नाही, गरोदरपणातले तिचे रिपोर्ट नॉर्मल होते. मग बाळाला कुठून येणार? कुणाला अनुभव आहे का?

मनीमाऊ
अभिनंदन! काळजी करू नका, मलाही पहिल्या बाळंतपणानंतर थायरॉईड निघालं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी आणि अर्धा तास चहा नाही, बस. वहिनींना कोबी-फ्लॉवर जरा कमी द्या.

दर्यासारंग
ताई, बायकोचं नाही हो, बाळाचं.

मनीमाऊ
अगंबाई! घाईत वाचलं. मग मला काही माहीत नाही. बाळाला पण असतं हे?

आशुतोष_के
असतं, पण इथे बहुतेक काही नसणार. टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूचा इशारा, ग्रंथी कमी पडली की तो वाढतो. पण जन्मानंतर तो तसाही वाढतो. गर्भात बाळ उबदार असतं. बाहेर आलं की गारवा लागतो आणि त्या धक्क्याने टीएसएच एकदम वर उसळतो. पहिल्या अर्ध्या तासात ६०-७० पर्यंत जातो, मग दोन-तीन दिवसांत खाली येतो. म्हणून हे रक्त ४८ तासांनंतर, शक्यतो ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. तुमचं २२ तासांना घेतलं, मग वाढलेला येणारच. आमच्या मुलाचं अगदी हेच झालं होतं, दुसऱ्यांदा नॉर्मल आलं. पंधरा दिवसांनी शांतपणे करून घ्या.

पंचिंग_टेबल
आशुतोष, उसळीचं बरोबर सांगितलंत, पंधरा दिवसांचं चुकलं. दर्यासारंग, मी नवजात तपासणीच्या लॅबमध्ये अशी कार्डं हाताळलेली आहेत. पंधरा दिवस नाही, उद्या सकाळी जा. आणि आत्ता एक काम करा. तो रिपोर्ट फोनवर मागवा आणि २६ च्या शेजारी किंवा खाली 'सीरम' लिहिलंय की 'होल ब्लड' ते बघून इथे सांगा.

दर्यासारंग
मागवला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे, होल ब्लड युनिट. त्याने काय फरक पडतो?

पंचिंग_टेबल
बराच पडतो. टीएसएच असतो रक्तातल्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात. तांबड्या पेशींत तो नसतो. आणि नवजात बाळाच्या रक्तात निम्म्याहून जास्त जागा तांबड्या पेशींनीच व्यापलेली असते. कार्डावर वाळतं ते आख्खं रक्त. त्यामुळे तेच रक्त नळीत घेऊन पेशी वगळून उरलेलं पाणी, म्हणजे सीरम, तपासलं तर आकडा साधारण २.२ पट दिसतो. तुमचे २६ म्हणजे सीरमच्या भाषेत ५७ च्या आसपास. काही लॅब आकडा आधीच बदलून देतात, काही जसाच्या तसा देतात. डॉक्टरही कधी कधी २६ वाचून 'किंचित वाढलाय' म्हणून सोडून देतात, कारण डोक्यात सीरमचे आकडे असतात.

आता आपल्याकडच्या बालरोग-हार्मोन तज्ज्ञांची पद्धत सांगतो, सीरमच्या आकड्यांत. ४८ तासांनंतरच्या रक्तात २० च्या वर गेलं तर बाळाला परत बोलवायचं. रक्त २४ ते ४८ तासांत घेतलेलं असेल तर उसळीसाठी थोडी सूट देऊन रेघ ३४ वर ठेवायची. २० ते ४० मधलं असेल तर सातव्या ते दहाव्या दिवशी दुसरं कार्ड घेतलं तरी चालतं. ४० च्या वर असेल तर कार्डाच्या भानगडीत न पडता थेट शिरेतलं रक्त, टीएसएच आणि ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन फ्री टी-४ दोन्ही, आणि तेही ताबडतोब.

तुमचं रक्त तर २४ तासांच्याही आधीचं आहे, त्यामुळे ५७ मधला किती भाग उसळीचा हे त्या कार्डावरून कुणालाच सांगता येणार नाही. पण आज बाळ सहा दिवसांचं आहे. उसळ कधीच ओसरली. आता शिरेतल्या रक्तात जो आकडा येईल तो खरा, म्हणून वाट बघून हाती काही लागत नाही. नॉर्मल आला तर सुटलात. नाही आला तर पंधरा दिवस बाळाच्या मेंदूच्या हिशोबात गेले असते.

आशुतोष_के
मान्य. माझ्या मुलाचा आकडा सीरममध्ये २३ होता, ते लिहायला हवं होतं. पण मग २२ तासांना रक्त घेतातच कशाला? ही घाई दवाखान्याचीच ना?

सुमनमावशी
मी बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त. घ्यावं लागतं बाबा. नॉर्मल डिलिव्हरीची बाई दुसऱ्या दिवशी घरी जायला निघते. तिला म्हटलं परवा टाचेचं रक्त द्यायला या, तर निम्म्या येत नाहीत. पावसात गावाहून पाच दिवसांचं पोर घेऊन कोण येणार? म्हणून जाताना कार्ड घ्यायचं, बाळाचं वय तासांत लिहायचं आणि परत बोलावणं येऊ शकतं हे सांगून ठेवायचं. काही ठिकाणी जन्मतानाच नाळेतलं रक्त घेतात. उसळीच्या आधीचं असतं, बाळाला टोचावंही लागत नाही. पण दूध पचायला लागल्यावर जे आजार दिसतात ते त्यात सापडत नाहीत.

आणि दर्यासारंग, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, पण 'गुणाची पोर' या शब्दावर मी कान टवकारते. सहा दिवसांचं बाळ भुकेने दोन-अडीच तासांनी आभाळ डोक्यावर घेतं. दूध पाजायला उठवावं लागतंय, आवाज घोगरा आहे, शी दोन-दोन दिवस होत नाही, कावीळ रेंगाळली आहे, असं काही आहे का बघा. नसलं तरी उद्या जाच.

दर्यासारंग
डोळे थोडे पिवळे आहेत अजून. सगळ्यांना असते म्हणून सोडून दिलं होतं. सकाळी निघतोय. पण आईचे रिपोर्ट नॉर्मल असताना बाळाला कसं, हे अजून कळलं नाही.

पंचिंग_टेबल
आईची ग्रंथी वेगळी, बाळाची वेगळी. बहुतेक बाळांमध्ये ही ग्रंथी घडतानाच काहीतरी बिनसलेलं असतं. गर्भात ती जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यात उतरते. कधी ती तयारच होत नाही, कधी वाटेत अडकून बसते आणि तिथे अर्धीमुर्धी चालते. काही बाळांत ग्रंथी जागेवर असते पण तिला हार्मोन बनवता येत नाही. यात आईने काही खाल्लं-प्यायलं म्हणून झालं असा भाग नसतो.

आणि आई नॉर्मल असते म्हणूनच हे लपतं. तिचं थोडं हार्मोन वारेतून बाळाकडे गेलेलं असतं, त्यावर बाळाचे पहिले दिवस निभावतात. जन्मतः शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त बाळांत ठळक लक्षण काही नसतं. तो साठा दिवसागणिक संपतो. चेहरा सुजकट, जीभ मोठी, बेंबी फुगलेली हे पुस्तकातलं चित्र दिसायला महिने लागतात, आणि तोवर मेंदूचं झालेलं नुकसान गोळी देऊन भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल बहुतेक इतरांसारखंच वाढतं.

ओढ्याकाठची
मी एरवी इथे नुसती वाचते. माझा मोठा भाऊ १९७९ चा, गावात घरी जन्मलेला. आजी त्याला 'आमचा साधू' म्हणायची, कारण तो रडायचाच नाही. दीड वर्षाचा झाला तरी बसेना, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं आणि तिथे निदान झालं. गोळी सुरू केल्यावर उंची वाढली, केस दाट झाले, बद्धकोष्ठ गेलं. पण तो शाळेत दुसरीच्या पुढे गेला नाही. आता माझ्याकडेच असतो, गुरांचं सगळं बघतो, पैसे मात्र मोजता येत नाहीत. उद्या जा हो भाऊ.

रेवती_एडिसन
इथे अमेरिकेत आम्हाला कुणी विचारलंही नाही. २४ ते ४८ तासांत टाच टोचतात, कार्ड राज्याच्या लॅबला जातं. माझ्या मुलीच्या वेळी मला वाटलं शुगर बघतायत. भारतात हे सक्तीचं का नाही?

मांडवीतीर
आमच्या गोव्यात २००८ मध्ये सरकारी पातळीवर सुरू झालं होतं, देशात सगळ्यात आधीच्यांत. बाकी राज्याराज्याचा कारभार वेगळा. आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत लाखभर बाळं तपासली, त्यात साधारण साडेअकराशे बाळांमागे एकाला हा थायरॉईडचा त्रास निघाला. एवढं असूनही ही तपासणी त्या त्या दवाखान्याच्या मर्जीवर चालते, याचं मला आश्चर्य वाटतं.

आशुतोष_के
पंचिंग, एक शंका. कार्ड नीट घेतलं नसेल तर आकडा चुकू शकतो का? आमच्या वेळी सिस्टर टाच लिंबासारखी पिळत होती.

पंचिंग_टेबल
चुकतो, आणि दोन्ही बाजूंना. कार्डावरच्या गोलातून आम्ही सुमारे ३ मिलिमीटरची टिकली पाडतो आणि तेवढ्याच टिकलीवर तपासणी होते. त्या टिकलीत ठरलेलं रक्त मुरलेलं आहे असं धरूनच आकडा निघतो. टाच पिळली की रक्तात आजूबाजूच्या मांसातलं पाणी मिसळतं, ठिपका पातळ होतो आणि टीएसएच खोटा कमी दिसतो. वर आलेला आकडा परत तपासला तरी जातो, हा मात्र नॉर्मल म्हणून घरी जातो. उलट एक थेंब अपुरा पडला म्हणून त्यावरच दुसरा, तिसरा ठेवला की टिकलीत जास्त रक्त येतं आणि आकडा फुगतो.

कार्ड उजेडात धरलं की बरंच कळतं. चांगला ठिपका पुढून-मागून सारखा दिसतो. मागच्या बाजूला पांढरं राहिलं असेल तर रक्त मुरलंच नाही. मध्ये गडद आणि कडेला पिवळट पाण्याचं कडं असेल तर पिळलेलं असतं किंवा टाचेवरचं स्पिरिट वाळायच्या आधीच टोचलेलं असतं. अशी कार्डं आम्ही परत पाठवतो, आणि मग सिस्टर आमच्या नावाने बोटं मोडतात.

सुमनमावशी
मोडणारच! तुम्ही एसीत बसून टिकल्या पाडता. पण मुद्दा खरा आहे, म्हणून कसं घ्यायचं तेही लिहिते, इथे नव्या सिस्टर असतील तर उपयोग होईल.

आधी टाच गरम करायची. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं तीन ते पाच मिनिटं गुंडाळायचं. आपल्या मनगटाला सोसेल एवढंच गरम, बाळाची कातडी भाजते. बाळाला आईच्या मांडीवर उभं धरायला सांगायचं, पाय खाली लोंबता. हे दोन केलं की पिळायची वेळ सहसा येत नाही. मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. बीटाडीन नाही लावायचं, त्यात आयोडिन असतं. टोचायचं ते तळव्याच्या बाजूला, टाचेच्या डाव्या किंवा उजव्या कडेला. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर नाही, तिथे हाड जवळ असतं. लॅन्सेट २ मिलिमीटरपेक्षा खोल जाणारं नको. पहिला थेंब कोरड्या गॉजने पुसून टाकायचा. दुसरा थेंब चांगला टपोरा होईपर्यंत धीर धरायचा आणि कार्ड त्याला हलकेच टेकवायचं. कागद आपोआप ओढून घेतो. एका गोलाला एकच थेंब, एकाच बाजूने. गोलाला बोट लावायचं नाही.

आणि वाळवणं! कार्ड आडवं, कशालाही न टेकता, तीन-चार तास. उन्हात नाही, हीटरसमोर नाही, एकावर एक नाही. कोकणात पावसाळ्यात चार तासांनीही ठिपका ओलसर राहतो. नीट वाळलेला ठिपका तपकिरी होतो, लाल चकाकी राहत नाही. आमच्याकडची एक नवी मुलगी ओलीच कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुरियरला द्यायची, म्हणजे आत घाम. दहा कार्डं साठली की एकदम पाठवू, हाही उद्योग चालायचा. वाळल्यावर कागदी पाकिटात घालून २४ तासांत रवाना करायचं.

पंचिंग_टेबल
मावशी, तुम्हाला एसीची खुर्ची माझ्यातर्फे. दमटपणाने टीएसएचपेक्षा जी-सिक्स-पीडीसारख्या एन्झाइमच्या तपासण्या जास्त बिघडतात, पण कार्ड चार दिवस उशिरा आलं की फोनही चार दिवस उशिरा जातो. दर्यासारंगना फोन सहाव्या दिवशी आला, तो खरं तर चौथ्या दिवशी यायला हवा होता.

दर्यासारंग
मंडळी, रिपोर्ट आला. शिरेतल्या रक्तात टीएसएच ८८, फ्री टी-४ ०.६. डॉक्टर म्हणाले ०.६ हे या वयाला फारच कमी आहे, शंका उरत नाही. काल आठव्या दिवशी गोळी सुरू झाली. थायरॉक्सिन, किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने रोज ३७.५, म्हणजे २५ ची दीड गोळी. चमच्यात चुरून दोन-तीन थेंब आईच्या दुधात कालवून द्यायची. बाटलीभर दुधात घालायची नाही, कारण दूध उरलं की औषधही उरतं. लोह किंवा कॅल्शियमचे थेंब कधी सुरू झाले तर या गोळीपासून लांबच्या वेळेला. दोन आठवड्यांनी परत रक्त.

गळ्याची सोनोग्राफी केली, ग्रंथी जागेवर दिसत नाही म्हणाले. आई काल दिवसभर गप्प होती. आज सकाळी गोळी तिनेच चुरली.

विश्वंभर_जोशी
माझं मत वेगळं आहे. नुसत्या सोनोग्राफीवर न थांबता आधी थोडं किरणोत्सर्गी औषध देऊन करतात तो थायरॉईडचा स्कॅन करून ग्रंथी आहे की नाही ते नक्की करायला हवं होतं, मग गोळी. एकदा गोळी चालू झाली की चित्र बिघडतं. आयुष्यभराची गोळी अशी घाईत चिकटवून घेऊ नये.

पंचिंग_टेबल
स्कॅनला माझा विरोध नाही, पण त्यासाठी गोळी एक दिवसही थांबवायची नसते. टीएसएच वर असेपर्यंत, म्हणजे सुरू केल्यावर पहिले काही दिवस, स्कॅनमध्ये कळतं. चिपळुणातून त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागेल. ते झेपत नसेल तर तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून परत तपासू शकतात, तोवर मेंदूचा नाजूक काळ सरलेला असतो. जागेवर ग्रंथी असलेल्या काही मुलांची गोळी त्या वेळी सुटतेही.

विश्वंभर_जोशी
ग्रंथी जागेवर नाही असं सोनोग्राफी म्हणते, पण ती जिभेखाली अडकलेली असेल तर सोनोग्राफीत सुटू शकते. म्हणून म्हणतो स्कॅन आत्ताच करा, गोळी चालू ठेवून का होईना.

पंचिंग_टेबल
गोळी चालू ठेवून म्हणत असाल तर आपलं भांडण मिटलं. पण जिभेखाली निघाली काय आणि मुळात नसली काय, आजच्या गोळीत त्याने फरक पडत नाही. जावं की नाही ते त्यांच्या डॉक्टरांना ठरवू दे.

अमोल_नांदेड
दर्यासारंग, मुलीला आशीर्वाद. धागा वाचून माझीच झोप उडालीय. आम्हाला जुळे मुलगे, ३३ आठवड्यांचे, अजून काचेच्या पेटीत आहेत. तिसऱ्या दिवशी दोघांची कार्डं गेली, दोन्ही नॉर्मल आली. आता डॉक्टर म्हणतात परत घेऊ. नॉर्मल असताना परत का? खर्च आधीच हाताबाहेर गेलाय.

सुमनमावशी
घेऊ द्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदूतला कारभारच कच्चा असतो. ग्रंथी काम करत नसली तरी टीएसएच वाढवण्याचा हुकूम वेळेवर सुटत नाही, तो कधी कधी काही आठवड्यांनी सुटतो. म्हणून पहिलं कार्ड नॉर्मल येऊन दुसऱ्यात सापडणारी बाळं असतात. शिवाय जुळे, दोन्ही मुलगे. एकसारखे असतील तर गर्भात एकमेकांचं रक्त मिसळतं आणि एकाचं कमी दुसऱ्याच्या हार्मोनने झाकलं जातं.

पंचिंग_टेबल
दुसरं कार्ड साधारण दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान घेतात. तुमच्या मुलांचं वजन आणि चालू औषधं बघून डॉक्टर दिवस ठरवतील. रक्तदाब टिकवायला डोपामिन चालू असेल तर तेही टीएसएच दाबून ठेवतं. एक विचारतो, मुलांना रक्त चढवलंय का?

अमोल_नांदेड
मोठ्याला चढवलं, तिसऱ्याच दिवशी. कार्ड आधी की रक्त आधी ते आठवत नाही. त्या दिवशी मी नुसता रक्तपेढीच्या रांगेत होतो.

पंचिंग_टेबल
फाईलमध्ये बघा. कार्ड रक्त चढवायच्या आधी घ्यायचं असतं. नंतर घेतलं असेल तर त्या ठिपक्यात दात्याचंही रक्त आहे. मग थायरॉईडच काय, त्या कार्डावरच्या बाकीच्या तपासण्यांवरही भरवसा ठेवता येत नाही.

अमोल_नांदेड
फाईल बघितली. रक्त चढवल्याची वेळ आहे, दुपारी २.४०. कार्डापुढे फक्त तारीख आहे, वेळ नाही.

सुमनमावशी
कार्डावर वेळेचा रकाना असतो, लॅबच्या रिपोर्टवर उतरला असेल. तिथेही नसेल तर ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा, नर्सिंग नोटमध्ये सापडतं. तेही नाही सापडलं तर मोठ्याचं कार्ड नंतरचंच धरून चाला आणि डॉक्टरांना तसं सांगा.

अमोल_नांदेड
रात्रपाळीच्या सिस्टर आठला येतात. विचारून लिहितो.